मठातला आवाज: शेवटी हाती काहीच लागत नाही, तरी माणसं हसतात ती कशावर?

केतकी_र

ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकली असेल. तरी आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

एका माणसाची गाडी रात्री एका मठाजवळ बंद पडते. मठातले साधू त्याला जेवू घालतात, झोपायला जागा देतात. मध्यरात्री त्याला एक विलक्षण आवाज ऐकू येतो. असा आवाज त्याने जन्मात ऐकलेला नसतो. सकाळी तो विचारतो, "आवाज कसला होता?" साधू म्हणतात, "ते आम्ही सांगू शकत नाही. तुम्ही मठातले नाही." काही वर्षांनी गाडी पुन्हा तिथेच बंद पडते. तोच आवाज, तोच प्रश्न, तेच उत्तर. शेवटी तो म्हणतो, "मग मला मठातला करून घ्या." साधू अट घालतात: पृथ्वीवरची गवताची पाती आणि वाळूचे कण मोजून या. तो निघतो. चाळीस-पन्नास वर्षांनी म्हातारा होऊन, आकडे घेऊन परत येतो. साधू त्याला दीक्षा देतात आणि एका दारापाशी नेतात. लाकडी दार, त्यामागे दगडी दार, मग माणकांचं, नीलमण्यांचं, असं करत करत शेवटी सोन्याचं. तो ते उघडतो आणि आवाज कशाचा होता ते बघून थक्क होतो.

पण ते काय होतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्ही मठातले नाही.

आता माझा प्रश्न. ही गोष्ट मी दोन वेगवेगळ्या बैठकींत दोघांच्या तोंडून ऐकली. पहिल्या वेळी शेवट झाल्यावर लोक ओरडले, सांगणाऱ्याला उशा फेकून मारल्या, आणि मग हसणं थांबेचना. दुसऱ्या वेळी दोन-तीन जण "हं" म्हणाले आणि कुणीतरी विषय बदलला. शेवटचं वाक्य दोघांचं सारखंच होतं. आणि मला चक्रावून टाकणारी गोष्ट ही की फसलेली आवृत्ती चांगली निम्म्याने लहान होती. म्हणजे लोक कंटाळले म्हणून फसली असंही म्हणता येत नाही. मग फरक कशाने पडला? पुढच्या आठवड्यात मित्रमंडळी जमणार आहेत, तेव्हा मला ती स्वतः सांगायची आहे, म्हणून खरंच समजून घ्यायचं आहे.

---

पीजे_सम्राट

सोपं आहे. हा पीजेच आहे, फक्त लांबवलेला. आणि पीजे सगळा चेहऱ्यावर चालतो. पहिल्याने गंभीर चेहऱ्याने सांगितला असणार, दुसरा मध्येच हसला असणार. सांगणाऱ्याला हसू आलं की मेला विनोद.

---

केतकी_र

दुसरा मध्ये हसला नव्हता, तेवढं नक्की आठवतंय. उलट तोच जास्त गंभीर होता.

---

गोष्टीवेल्हाळ

चेहऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण पुरं नाही. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये गोष्ट कशी सांगावी यावर एक निबंध लिहिला, त्यात नेमकं हेच आहे: विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगायची आणि तिच्यात काही हसण्यासारखं आहे याची आपल्याला पुसटशीही शंका नाही असं दाखवायचं. पण केतकीताई म्हणतात की गंभीर असूनही गोष्ट पडली. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ताई, एक आठवून सांगा. "तुम्ही मठातले नाही" हे वाक्य शेवट येण्याआधी पहिल्याने किती वेळा म्हटलं आणि दुसऱ्याने किती वेळा? आणि दर वेळी शब्द तेच होते का?

---

केतकी_र

तुम्ही विचारल्यावर डोक्यात लख्ख झालं. पहिल्याने तीनदा म्हटलं होतं आणि दर वेळी अगदी तसंच, त्याच मऊ आवाजात, थोडं थांबून. तिसऱ्या वेळी तर आम्हीच त्याच्याबरोबर म्हणायला लागलो होतो. दुसऱ्याने वेळ वाचवायला दुसरी फेरी गाळली. पहिल्या फेरीत साधू म्हणाले "ते गुपित आहे, बाहेरच्यांना सांगत नाही" की असंच काहीतरी. "मठातले नाही" हे शब्द थेट शेवटीच आले.

---

गोष्टीवेल्हाळ

मग सापडलं.

या गोष्टीत शेवटी काहीच नाही असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. शेवटी एक नकार आहे, आणि तो नकार ऐकणाऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. गोष्टभर साधू त्या माणसाला जे म्हणत आले, तेच शेवटी सांगणारा तुम्हाला म्हणतो. त्या एका वाक्यात तुमची जागा बदलते. इतका वेळ तुम्ही गादीवर बसून त्या बिचाऱ्याची गंमत बघत होता, आणि अचानक मठाच्या दारात तुम्हीच उभे असता. शिवाय तक्रार करायलाही जागा नसते, कारण तो नियम तुम्ही तीन वेळा मान्य केलेला असतो. "साधूंचा नियम आहे बुवा, काय करणार" असं मनातल्या मनात म्हणून तुम्ही पुढे ऐकत राहिलात. नियम लागू पडला तो मात्र तुम्हाला.

दुसऱ्या सांगणाऱ्याने फेरी गाळली तेव्हा वेळ वाचला, पण नियम रुजलाच नाही. त्यामुळे शेवटचं वाक्य कुठूनतरी आल्यासारखं वाटलं. ऐकणाऱ्याला ते "मला शेवट माहीत नाही" असं ऐकू गेलं असणार.

फेऱ्यांची लांबी मात्र सारखी ठेवायची नसते. पहिली फेरी संपूर्ण: गाडी कशी बंद पडली, जेवायला काय होतं, खोली कशी होती, आवाज आला तेव्हा तो उठून बसला की पडूनच राहिला. दुसरी तिच्या निम्मी, कारण रस्ता आता ओळखीचा झालाय. पण त्या दुसऱ्या फेरीतही प्रश्न आणि उत्तर अक्षरशः तेच. बाकी सगळं आटलं तरी चालेल, ते वाक्य आटता कामा नये.

---

नुस्ता_प्रश्न

धागा आवडला. माझे एक मामा आहेत, ते गोष्ट सांगायला लागले की संपतच नाही. नमनालाच घडाभर तेल. सांगायचं असतं नोकरी कशी लागली ते, पण मुलाखतीच्या दिवशी ज्यांच्याकडून छत्री घेतली त्या शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न कसं मोडलं इथपर्यंत पोचतात आणि नोकरी राहूनच जाते. लांबण लावून शेवटी हाती काहीच न देणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत शॅगी डॉग स्टोरी म्हणतात ना, ही पण तीच म्हणायची का? आणि त्यांना मध्येच थांबवायचं कसं, यावर कुणाकडे उपाय आहे का?

---

पीजे_सम्राट

मामांना थांबवू नका, रेकॉर्ड करा.

---

गोष्टीवेल्हाळ

थांबवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. पण मामांचा मुद्दा विषयाला सोडून नाही, उलट अगदी जवळचा आहे.

ट्वेनच्याच १८७२ च्या प्रवासवर्णनात जिम ब्लेन नावाच्या म्हाताऱ्याचा एक प्रसंग आहे. याच्या तोंडून याच्या आजोबांच्या मेंढ्याची गोष्ट ऐकाच, पण तो नेमका हवा तितका प्यायलेला असेल तेव्हाच ऐका, असं सगळे सांगत असतात. एकदा तसा योग येतो. ब्लेन सुरुवात करतो, मेंढा कुठून विकत आणला त्याचा उल्लेख करतो, आणि ज्याच्याकडून आणला त्या माणसाच्या नातेवाइकांकडे वळतो ते वळतोच. एका बाईंचा काचेचा डोळा येतो. तो डोळा त्या बाई दुसऱ्या एका बाईंना पाहुणे आले की वापरायला देत असतात, पण त्यांच्या खोबणीत तो नीट बसत नाही, त्यामुळे भलतीकडेच बघत राहतो. असं एकातून एक निघत जातं आणि बोलता बोलता ब्लेन झोपी जातो. मेंढ्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळत नाही. मग बाकीच्यांचे दाबून धरलेले हसू बघून ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की आपल्याला इथे मुद्दाम आणून बसवलंय.

ब्लेन म्हणजे तुमचे मामा. त्याला माहीतच नाही की गोष्ट कुठेही पोचत नाहीये. पण ट्वेनला माहीत आहे, आणि आजूबाजूच्या मंडळींनाही. शॅगी डॉग स्टोरीला हे दुसरं कुणीतरी लागतं, ज्याला पाल्हाळ म्हणजे पाल्हाळ आहे हे ठाऊक असतं. मामांच्या बाबतीत ते तुम्ही आहात. त्यामुळे मामांची गोष्ट तुम्ही सांगितलीत तर ती शॅगी डॉग स्टोरी होईल. मामा सांगतात तेव्हा ती फक्त लांबलेली आठवण असते.

---

नुस्ता_प्रश्न

हे आवडलं. पुढच्या वेळी मामांकडे वेगळ्या कानाने बघेन.

---

वैदेही_लेखणी

आपल्याकडची कापूसकोंड्याची गोष्ट हीच की. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "नको." "नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" आणि ती दुसरी, राजाला न संपणारी गोष्ट सांगणाऱ्याची: चिमणी आली, एक दाणा घेतला, भुर्रकन उडाली, दुसरी चिमणी आली, एक दाणा घेतला... या तिन्ही एकाच जातीच्या. म्हणजे यात परदेशी असं काही नाही.

---

गोष्टीवेल्हाळ

परदेशी नाही हे खरंच. पण तिन्ही एका जातीच्या मात्र नाहीत. लोककथांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे त्यातही ऐकणाऱ्याला पकडणाऱ्या कथा २२०० च्या घरात आणि न संपणाऱ्या कथा २३०० च्या पुढे अशा वेगळ्या ठेवल्या आहेत.

कापूसकोंड्यात गोष्टच नाही. तो एक सापळा आहे: तुम्ही काहीही बोललात तरी अडकता, आणि दुसऱ्या खेपेलाच ते तुमच्या लक्षात येतं. पुढची मजा चिडण्याची आणि चिडवण्याची. चिमणीच्या गोष्टीत गंमत गोष्टीच्या आतल्या राजाची आहे. राजा वैतागतो, आपण बाहेरून बघतो. खरं तर सांगणारा तीन-चार चिमण्यांनंतर "असं महिनोन्महिने चाललं" म्हणून आपल्याला सोडवतो.

मठाच्या गोष्टीत शेवटपर्यंत आशा जिवंत असते. आवाज कशाचा, हे कळणार असं ऐकणाऱ्याला शेवटच्या दारापर्यंत मनापासून वाटत असतं. ती आशा नसेल तर नुसतं गुऱ्हाळ उरतं. कांटने १७९० मध्ये हसण्याबद्दल लिहिलंय की ताणलेल्या अपेक्षेचं एकाएकी शून्य झालं की हसू येतं. सगळ्या विनोदांना ते लागू पडतं असं मला वाटत नाही, पण या एका प्रकाराचं वर्णन म्हणून ते चपखल आहे. फक्त "ताणलेली" या शब्दाकडे लक्ष द्या. आधी ताण हवा. सैल दोर कापला तर काही होत नाही.

---

वैदेही_लेखणी

सापळा आणि आशा हा फरक पटला. पण माझ्या मते कापूसकोंड्यातही पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला आशा असतेच. निदान पहिल्या दोन खेपांना. त्यामुळे भिंत घालायची तर ती फार उंच नको.

---

दुसरी_बाजू

सगळे कौतुक करताय म्हणून मुद्दाम लिहितो. मला हा प्रकार आवडत नाही. ऐकणाऱ्याने विश्वासाने वेळ दिलेला असतो आणि तुम्ही तो घेऊन त्याला वेड्यात काढता.

वसतिगृहात असताना माझ्यावर झालेला प्रयोग सांगतो. चार-पाच जणांत एकाने विनोद सांगितला: दोन पांढरी अस्वलं टबात बसून अंघोळ करत असतात. एक म्हणतं, "साबण दे." दुसरं म्हणतं, "साबण नाही, रेडिओ." आणि सगळे खो खो हसायला लागले. मला काही कळलं नाही, पण मीही हसलो. मग एकदम सगळे गप्प झाले आणि एकाने विचारलं, "काय कळलं तुला? सांग." आधीच ठरलं होतं सगळं. त्या वाक्याला अर्थ नव्हताच. त्यानंतर बरेच दिवस कुणी विनोद सांगितला की मी आधी बाकीच्यांचे चेहरे बघायचो. याला विनोद म्हणायचं?

---

गोष्टीवेल्हाळ

तुमच्याबरोबर जे झालं ते वाईटच. तो फार जुना आणि अनेक देशांत फिरलेला सापळा आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून तरी त्याची नोंद सापडते, आणि कृती नेमकी तुम्ही सांगितली तीच: साथीदार आधी फोडायचे आणि एकट्या पडलेल्याला हसायला लावायचं. त्यात अस्वलांचं काम काहीच नाही, टबात हत्ती असले तरी चालतात. तिथे तपासलं जातं ते ऐकणाऱ्याचं एकटं पडण्याचं भय. हसलात तर ढोंगी, नाही हसलात तर मठ्ठ.

मी तो प्रकार वेगळा धरतो, आणि वेगळा धरायची खूण अशी: मठाच्या गोष्टीत खोलीतले सगळे एकाच वेळी फसतात, आणि सांगणाराही त्यांच्यासमोर उघडा पडतो. उशा त्यालाच बसतात. तुमच्या प्रसंगात चार विरुद्ध एक होते.

---

दुसरी_बाजू

फरक आहे, मान्य. पण वेळ घेण्याचा मुद्दा तसाच राहतो. वीस मिनिटं डोंगर पोखरायचा आणि उंदीरही काढायचा नाही, हे सगळ्यांना एकत्र फसवलं म्हणून न्याय्य कसं होतं? ज्याला दमून घरी जायचं होतं त्याने काय करायचं?

---

मध्यरात्रीचा_वाचक

माझं मत मध्ये घालतो. वेळ वाया जातो तो ऐकता ऐकता मजा येत नसेल तर. वाटेत मजा असेल तर शेवटी काही मिळालं नाही म्हणून कोण रडतं? नॉर्म मॅकडोनाल्ड या विनोदवीराने २००९ मध्ये कॉनन ओब्रायनच्या टीव्ही कार्यक्रमात पतंगाची गोष्ट सांगितली होती, दिव्यावर झेपावणारा कीटक तो पतंग. पतंग पायाच्या डॉक्टरकडे जातो आणि आपलं दुःख सांगायला लागतो: नोकरीत अर्थ राहिला नाही, शेजारी झोपलेली बायको अनोळखी वाटते, थंडीने मुलगी गेली, आणि मुलाकडे बघितलं की त्याच्या डोळ्यांत स्वतःचाच भेकडपणा दिसतो. हे वाढत वाढत जातं, एखादी जाडजूड रशियन कादंबरी उघडल्यासारखं. शेवटी डॉक्टर म्हणतो, "अहो, तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं, इथे कशाला आलात?" पतंग म्हणतो, "दिवा चालू होता म्हणून."

शेवट काय, दोन ओळींत उरकेल असा आहे: पतंग दिव्याकडे जातो, एवढंच. पण त्या दोन ओळी नुसत्या सांगितल्या तर कुणी मान वर करून बघणार नाही. मधल्या दुःखात आपण इतके शिरतो की तो पतंग आहे हे विसरतो, आणि शेवटचं वाक्य आपल्याला त्याची आठवण करून देतं. म्हणजे ती लांबी विसरायला लावण्यासाठी होती.

---

गोष्टीवेल्हाळ

"लांबी विसरायला लावण्यासाठी", हे मला अतिशय आवडलं. मठाच्या गोष्टीत लांबी रुजवायला लागते आणि पतंगाच्या गोष्टीत विसरायला लावायला. दोन्हीकडे तिला काम नेमून दिलेलं आहे.

ज्या कुत्र्यावरून या प्रकाराला नाव पडलं त्याच्याही गोष्टीत तेच दिसतं. एरिक पार्ट्रिज या कोशकाराने १९५३ मध्ये या गोष्टींवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तो मूळ गोष्टीचा शोध घेतो. तिचं एक प्रचलित रूप असं: इंग्लंडमधल्या एका श्रीमंत घरातला केसाळ कुत्रा हरवतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते. अमेरिकेतल्या एका माणसाला तसाच केसाळ कुत्रा सापडतो. तो त्याला घेऊन समुद्र ओलांडतो, हाल सोसतो, त्या घराचं दार ठोठावतो. दार उघडणारा कुत्र्याकडे बघतो, म्हणतो, "इतका काही केसाळ नव्हता," आणि दार लावून घेतो. ही गोष्ट रंगवायची तर कुत्रा किती केसाळ होता हेच पदोपदी सांगत राहावं लागतं. जहाजावरचे लोक थांबून बघतात, पोरं हात फिरवायला येतात, ऊन लागू नये म्हणून कुणी त्याच्या सावलीत बसतं. ऐकणाऱ्याला वाटतं की हे सगळं कुत्र्याच्या बाजूने जमा होतंय. शेवटी तेच त्याच्याविरुद्ध जातं.

---

केतकी_र

मग आता माझा खरा प्रश्न. माझ्या गोष्टीत वाढवायचं कुठे आणि आवरायचं कुठे? मी एक मसुदा करून बघितला. मोजणीचा प्रवास मी भरपूर रंगवलाय, वाळवंट, बेटं, बर्फ सगळं. दारंही सगळी ठेवली आहेत, एकूण नऊ, प्रत्येकाला वेगळी किल्ली आणि प्रत्येकाचं वर्णन.

---

गोष्टीवेल्हाळ

प्रवास ठेवा, दारं कमी करा.

प्रवासात माणूस बदलतो. तो तरुण निघतो आणि म्हातारा परततो, वाटेत काय काय गमावतो, त्यामुळे आवाजाचं मोल वाढत जातं. तिथे एखादा बारीक तपशील फार उपयोगी पडतो. मी सांगतो तेव्हा त्याला समुद्रकिनारी मोजता मोजता शिंक येते, आकडा विसरतो आणि तो पूर्ण किनारा पुन्हा पहिल्यापासून मोजतो, असं घालतो. लोक तिथे हसतात आणि त्याच्या बाजूचे होतात. अशा दोन-तीन जागा पुरे. सगळे खंड फिरवून आणायची गरज नाही.

दारांत तसं काही होत नाही. प्रत्येक दार म्हणजे नुसतं "अजून नाही". तिसऱ्या दारानंतर ऐकणाऱ्याला कळतं की पुढेही दारच असणार, आणि ज्याला हे कळतं तो पुढे जाऊन शेवटही ताडतो. म्हणून लाकडाचं, दगडाचं, एक रत्नांचं आणि सोन्याचं अशी चार. आणि वेग वाढवत न्यायचं: पहिल्या दाराला किल्ली, कुलूप, बिजागरीचा कर्र आवाज, सगळं. शेवटच्याला फक्त "सोन्याचं दार. तो ते उघडतो."

सांगता सांगता लोकांकडे लक्ष ठेवायचं. "अरे पण आवाज कसला?" असं कुणी विचारलं तर उत्तम चाललंय, त्याच मऊ आवाजात "सांगतो ना" म्हणून पुढे जायचं. "संपव आता" असं कुणी हसत हसत ओरडलं तर घाबरायचं नाही, तिथून दोन-तीन मिनिटांत शेवटाला यायचं. तीच सर्वांत पिकलेली वेळ असते. पण कुणी काहीच म्हणत नसेल आणि दोघे-तिघे फोन काढून बसले असतील, तर ताण केव्हाच गेलेला असतो. मग लांबवून काही परत येत नाही. सरळ शेवटच्या दारापाशी जाऊन मोकळं व्हायचं.

आणि शेवटच्या वाक्यानंतर गप्प बसायचं. "कळलं का?" विचारायचं नाही, समजावायचं नाही.

---

दुसरी_बाजू

फोन काढले की आवरतं घ्यायचं, हे जो पाळतो त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न पाळणाऱ्यांबद्दल, आणि ते जास्त आहेत.

---

पीजे_सम्राट

इतकं सगळं वाचून वाटतंय की पीजे वेगळाच. पण मग अँटी-जोकला लांबी का लागत नाही? "कोंबडीने रस्ता का ओलांडला? पलीकडे जायला." संपलं. "तीन मित्र विमानात बसले. पहिला म्हणाला, मला खिडकीजवळची जागा हवी. दुसऱ्याने दिली." हेही संपलं. यात कुठे आला ताण?

---

मध्यरात्रीचा_वाचक

ताण आहे, पण तो तुम्ही घरून घेऊन येता. "तीन मित्र विमानात बसले" एवढं ऐकलं की तुमच्या डोक्यात आजवर ऐकलेले तीन मित्रांचे सगळे विनोद जागे होतात: पहिला काहीतरी करणार, दुसरा तेच करणार, तिसरा घोळ घालणार. तुमचा अँटी-जोक त्या तयार पायावर उभा आहे. शॅगी डॉगवाल्याला पाया स्वतः रचावा लागतो, म्हणून वेळ लागतो. कोंबडीचा प्रश्न १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मासिकात छापला गेला होता, तोही कोड्यासारखं दिसणारं पण कोडं नसलेलं काहीतरी म्हणूनच. म्हणजे वाचकाला कोड्यांची सवय आधीपासून होती, तीच वापरली. आज त्या कोंबडीवर कुणी हसत नाही, कारण आता तिचं उत्तरच सगळ्यांना पाठ आहे.

---

वैदेही_लेखणी

हे पटतंय, कारण माझ्या सहा वर्षांच्या मुलीला अँटी-जोक अजिबात कळत नाहीत. तीन मित्रांचा विनोद सांगितला तर ती शांतपणे विचारेल, "मग पहिल्याला खिडकी मिळाली ना?" तिच्या दृष्टीने ती छान गोष्ट आहे. तिच्याकडे अजून तो साठा नाही. कापूसकोंड्यावर मात्र ती लोळून हसते.

मग मठाची गोष्ट लहान मुलांना चालेल का? त्यात पाया गोष्टीतच रचलेला आहे म्हणता.

---

केतकी_र

माझ्या भाच्यावर मसुद्याची चाचणी घेऊन बघितली, म्हणून सांगते. तो दुसऱ्या फेरीला म्हणाला, "रात्री गुपचूप उठून बघायचं ना मग." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

गोष्टीवेल्हाळ

हा फार चांगला आक्षेप आहे, आणि मोठ्यांच्याही मनात येतो, ते बोलत नाहीत इतकंच. मी पहिल्या फेरीतच त्याला उठवतो. तो अंधारात बोळातून जातो, समोर दार असतं, दाराला कुलूप. पुढच्या दारांचीही तयारी होते आणि पळवाटही बंद होते.

मुलांबद्दल मात्र माझा अनुभव संमिश्र आहे. दहा-अकरा वर्षांची मुलं चिडतात आणि लगेच दुसऱ्या कुणालातरी फसवायला पळतात. त्याहून लहानांना मी शेवट तसा सांगत नाही. त्यांना खरंच वाईट वाटतं, आवाज कशाचा ते कळायला हवं असतं.

---

वैदेही_लेखणी

मी तर म्हणते त्यांनाही तसाच सांगावा. वाईट वाटतं, मग ती स्वतःच ठरवतात आवाज कशाचा होता ते. माझ्या मुलीने एका अपुऱ्या गोष्टीचा शेवट स्वतःच लावला होता.

---

मध्यरात्रीचा_वाचक

लेखी रूपाबद्दल कुणीच बोललं नाही. नेटवर अशा एका सापाची भलीमोठी गोष्ट फिरते, इतकी लांब की वाचायला संध्याकाळ जाते, आणि शेवट फक्त एका इंग्रजी म्हणीच्या मोडतोडीवर. माझ्या मते लेखी शॅगी डॉग चालतच नाही. बाजूची पट्टी बघून किती उरलंय ते कळतं आणि बोट सरळ तळाशी जातं. समोर बसलेल्या माणसाला पुढे ढकलता येत नाही, हाच तर सगळा खेळ आहे.

---

गोष्टीवेल्हाळ

ट्वेनचा मेंढा लेखीच आहे आणि दीडशे वर्षं चाललाय. पण त्यात प्रत्येक वाक्य स्वतःपुरतं हसवतं, शेवटाची वाट बघायची गरजच पडत नाही. मठाची गोष्ट तशी लिहिता येईल का, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. कुणी लिहून इथे टाकली तर वाचायला आवडेल.

---

केतकी_र

लिहिण्याचं नंतर बघू. सध्या बदल करतेय: बोळ आणि कुलूप घातलं, दारं चारवर आणली, शिंक तुमची उसनी घेतली. "तुम्ही मठातले नाही" तिन्ही वेळा शब्दशः तेच ठेवलंय. एकच अडचण उरली आहे. येणाऱ्यांपैकी एकाला ही गोष्ट आधीपासून माहीत आहे. त्याला आधी सांगून गप्प ठेवू, की काही न सांगता सुरू करू?

---

पीजे_सम्राट

काही सांगू नका. माहीत असलेला माणूस दुसऱ्या फेरीपासून बाकीच्यांचे चेहरे बघत बसतो, त्याची मजा वेगळीच असते.

---

दुसरी_बाजू

आधी सांगितलंत तर तो साथीदार झाला. नको.